वाटेवरची नाती

मुलांनो, रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या अनोळखी वृद्ध गृहस्थांच्या खिशातून रुमाल खाली पडला आणि तो तुमच्या दृष्टीस पडला, तर त्यांना थांबवण्यासाठी तुम्ही कोणती हाक माराल? त्यांचे नाव तुम्हांला ठाऊक नाही. आडनाव ठाऊक असते, तर त्यापुढे 'राव' किंवा 'साहेब' जोडून काम भागले असते. पण तेही ठाऊक नाही. 'महाशय' हा शब्द पत्राच्या मायन्यात शोभतो. भर रस्त्यात तो कोणी उच्चारला, तर तो गृहस्थ थांबण्याऐवजी हसेल. नुसते 'अहो' म्हटले, तर आजूबाजूची दहा माणसे वळून पाहतील. म्हणून तुम्ही क्षणभरही विचार न करता 'अहो काका, तुमचा रुमाल पडला' असे म्हणता, आणि ते गृहस्थही आपल्याला कोणी पुतण्या आहे की नाही याचा विचार न करता मागे वळतात.

आपल्या भाषेत अनोळखी माणसाला आदराने हाक मारण्यासाठी स्वतंत्र असा शब्द जवळजवळ नाहीच. ती उणीव आपण घरातील नात्यांचे शब्द रस्त्यावर नेऊन भरून काढतो. काका, मामा, आजोबा, ताई, मावशी, काकू, आजी हे सारे शब्द असे उसने नेलेले आहेत. उसनी वस्तू आणताना ती किती दिवसांसाठी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या अटीवर आणली, याचे भान ठेवावे लागते. या शब्दांचेही तसेच आहे. ते भान असले म्हणजे 'आजी' ही हाक ऐकून परकी स्त्रीसुद्धा प्रसन्न होते. ते सुटले म्हणजे तीच हाक तिला आगाऊपणाची वाटते.

प्रथम, नाते निवडले कसे जाते ते पाहू. आपण समोरच्या व्यक्तीचे वय वर्षांत मोजत नाही. आपल्या घरातील कोणाच्या वयाची ती दिसते, एवढेच मनात ताडून पाहतो. थोरल्या बहिणीएवढी दिसली तर ताई, आईएवढी दिसली तर मावशी किंवा काकू, आईच्या आईएवढी दिसली तर आजी. याचा अर्थ असा, की हाकेतील नाते समोरच्या व्यक्तीइतकेच हाक मारणाऱ्यावरही अवलंबून असते. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भाजीचा वाटा मांडून बसलेली साठीची एक स्त्री डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीचा एक गृहस्थ येतो आणि म्हणतो, 'ताई, मेथी कशी दिली?' त्याच्यामागे पंचविशीची एक तरुणी उभी असते. ती म्हणते, 'मावशी, कोथिंबीर ताजी आहे ना?' आणि तिच्या शेजारचा बारा वर्षांचा मुलगा विचारतो, 'आजी, लिंबं केवढ्याला?' दोन मिनिटांत ती स्त्री बहीण झाली, मावशी झाली आणि आजीही झाली. तिला मात्र त्यात काहीच विसंगत वाटले नाही, कारण तिघांनीही आपापल्या जागेवरून योग्य तेच नाते धरले होते. आता त्या पन्नाशीच्या गृहस्थाने तिला 'आजी' म्हटले असते तर? मेथीचा भाव चढला असता, असे मला वाटते! आपल्याहून दहाच वर्षांनी मोठ्या असलेल्या स्त्रीला त्याने दोन पिढ्या वर ढकलले असते.

तुम्ही अकरा-बारा वर्षांचे असल्यामुळे तुम्हांला 'आजी' म्हणण्याची मुभा मोठ्यांपेक्षा अधिक आहे. पण ती अमर्याद नाही. २००७ साली झालेल्या केंद्राच्या कायद्याने ६० वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस ज्येष्ठ नागरिक मानले आहे. कायद्याला अशी एक रेषा आखावीच लागते. आजीपण मात्र वर्षांनी येत नाही, नातवंडांनी येते. ज्या घरांत मुलींची लग्ने लवकर झाली, तेथे पंचेचाळिसाव्या वर्षी आजी झालेल्या स्त्रिया आहेत. आणि पासष्ट वर्षांच्या, रोज सकाळी टेकडी चढून येणाऱ्या, ज्यांना घरी कोणीही 'आजी' म्हणत नाही अशाही स्त्रिया आहेत. पांढरे केस हीदेखील खात्रीची खूण नव्हे. काहींचे केस तिशीतच पिकतात आणि काहींचे सत्तरीतही काळेभोर असतात, मग ते निसर्गाने असोत वा कलपाने. म्हणून मन साशंक असेल तेव्हा एक पायरी खालचे नाते धरावे. आजी की मावशी असा प्रश्न पडला तर मावशी म्हणावे; आजोबा की काका असा प्रश्न पडला तर काका म्हणावे. सत्तरीच्या गृहस्थांना 'काका' म्हटल्याने ते रागावल्याचे कोणी पाहिलेले नाही; पन्नाशीच्या गृहस्थांना 'आजोबा' म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, हे मात्र पुष्कळांनी पाहिले आहे.

आता थोडे त्या शब्दांच्या आत डोकावू. मराठीत वडिलांचा भाऊ काका आणि आईचा भाऊ मामा. वडिलांची बहीण आत्या आणि आईची बहीण मावशी. प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे. इरावती कर्वे या विदुषींनी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील असे नातेवाचक शब्द गोळा करून त्यांचा अभ्यास केला आणि १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढा हा विषय विस्तृत आहे. आपल्यापुरती मौजेची गोष्ट अशी, की घरातील सर्वच शब्द रस्त्यावर येत नाहीत. मावशी पावलोपावली भेटते, पण अनोळखी स्त्रीला 'आत्या' अशी हाक सहसा ऐकू येत नाही. आणि जे शब्द रस्त्यावर येतात, ते घरातील अर्थाचा काही अंश आपल्याबरोबर घेऊन येतात.

'काकू' हाच शब्द घ्या. काकू म्हणजे काकांची पत्नी. तेव्हा एखाद्या अनोळखी स्त्रीला 'काकू' म्हणताना तिचे लग्न झाले आहे असे आपण नकळत गृहीत धरतो. 'वहिनी' या शब्दाचेही तसेच. उलट 'मावशी' आणि 'ताई' या स्वतःच्या बळावर उभ्या असतात. कोणाची पत्नी असल्यामुळे कोणी मावशी होत नाही. ज्या स्त्रीने लग्न केलेले नाही किंवा जिला आपल्या संसाराची चर्चा नको आहे, तिला 'काकू' ही हाक टोचण्याचा संभव असतो, 'ताई' सहसा टोचत नाही. अंगणवाडीतील सेविकेला लहान-थोर सारेच 'ताई' म्हणतात, मग तिचे वय पंचवीस असो की पंचावन्न. तेथे 'ताई' हा शब्द वयाचा राहिलेला नाही. तो तिच्या कामाचा मान झाला आहे.

याहून सूक्ष्म असा एक भेद आहे, आणि तो तुम्ही आपल्याच बोलण्यात तपासून पाहावा असे मला वाटते. शहरातील कित्येक मुले शेजारच्या बिऱ्हाडातील बाईंना 'काकू' म्हणतात आणि त्याच वयाच्या भाजीवालीला किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीला 'मावशी'. दोन्ही शब्द नात्याचेच, दोन्ही गोडच. परंतु कोणाला कोणता द्यायचा, हे जर आपण लुगड्याच्या किमतीवरून ठरवू लागलो, तर नात्याच्या शब्दाने जवळ आणण्याऐवजी पायरी दाखवली असे होते. हाक ऐकणाऱ्या स्त्रीला हा भेद फार लवकर कळतो, कारण ती दिवसभर तोच ऐकत असते.

परंतु हाक जिव्हाळ्याची ठरते की सलगीची, याचा निकाल बहुधा नात्याच्या शब्दात लागतच नाही. तो पुढच्या क्रियापदात लागतो. घरी तुम्ही आजीशी कसे बोलता ते आठवा. 'आजी, तू बस ना', 'ताई, तू कुठे गेली होतीस?' पुष्कळ मराठी घरांत आई, आजी, मावशी, ताई यांना 'तू' म्हणतात. आजोबांना व काकांना 'तुम्ही' म्हणण्याची रीत आहे. वडिलांनाही पूर्वी 'तुम्ही'च म्हणत. आता कित्येक घरांत बाबांनाही 'तू' म्हटले जाते. घरातील हे 'तू' अनादराचे नसते. ते वर्षानुवर्षांच्या सहवासाने मिळालेले असते. रस्त्यावरच्या आजीपासून तुम्हांला 'आजी' हा शब्द उसना घेता येतो; तो सहवास मात्र उसना घेता येत नाही. म्हणून तेथे 'आजी, तुम्ही बसा', 'ताई, तुम्ही कुठे निघालात?' असेच म्हणावयाचे. शब्द घरचा आणि क्रियापद परक्याशी बोलण्याचे, अशी ही जोडणी आहे. बसमध्ये एखादा मुलगा उठून 'आजी, बस इथे' म्हणतो. त्याने जागा दिली हे खरेच, पण त्या बाईंच्या कपाळावर जी सूक्ष्म आठी उमटते ती त्या एका 'बस'मुळे. 'आजी, बसा ना इथे' एवढे म्हणण्याला त्याला अर्धा क्षणही अधिक लागला नसता.

हाकेच्या आधी येणारा चिमुकला उद्गारही ऐकण्यासारखा असतो. 'अहो काका' यात मान आहे. 'ओ काका' ही लांबून मारलेली हाक. ती बाजाराच्या गलबल्यात चालून जाते, जवळून मात्र खरखरीत लागते. 'ए काका' हे केवळ घरच्या लाडक्या काकांनाच. अनोळखी माणसाला ते म्हणणे म्हणजे त्याच्या खांद्यावर न विचारता हात टाकण्यासारखे आहे.

आता एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. मंडईजवळच्या शिवाजी रस्त्याच्या कडेला सत्तरीच्या एक बाई हातात पिशवी घेऊन उभ्या आहेत. वाहनांची रीघ थांबत नाही. त्या दोनदा पाऊल पुढे टाकतात आणि मागे घेतात. तुम्हांला त्यांना मदत करावीशी वाटते. पहिली गोष्ट, मागून हाक मारू नका. वृद्ध माणसाला मागचे नीट ऐकू येत नाही, आणि दचकून वळताना तोल जातो. बाजूने पुढे येऊन त्यांना दिसाल असे, हात-दोन हात अंतरावर उभे राहा. मग म्हणा, 'आजी, पलीकडे जायचं आहे का तुम्हांला?' हा प्रश्न आहे, हे लक्षात घ्या. 'चला आजी, मी नेतो' हा प्रश्न नव्हे. तो निर्णय आहे, आणि तो तुम्ही त्यांच्या वतीने घेतलेला आहे. त्या कदाचित पलीकडे जाण्यासाठी उभ्या नसतीलच; मुलाची वाट पाहत असतील, किंवा रिक्षा शोधत असतील.

प्रश्न विचारल्यावर उत्तर नीट ऐकावे, कारण आपले उसने नाते मान्य झाले की नाही, हे त्या उत्तरात असते. 'हो रे बाळा, कधीची उभी आहे बघ,' असे त्या म्हणाल्या, तर त्यांनी तुम्हांला नातू करून घेतले. तुम्ही 'तुम्ही' म्हणालात आणि त्यांनी तुम्हांला 'तू' आणि 'बाळा' म्हटले. आजी-नातवाच्या बोलण्याचा हाच योग्य तोल आहे. मग ज्या बाजूने वाहने येत आहेत त्या बाजूला तुम्ही राहा आणि आपला हात पुढे करा. त्यांचा हात तुम्ही धरू नका. तुमचा त्यांना धरू द्या. त्यांना हवा तेवढाच आधार त्या घेतील. पिशवी त्यांनी दिली तरच घ्या. पलीकडे पोहोचल्यावर 'येतो आजी' म्हणून निघावे. 'तुम्ही एकट्याच का आलात? घरी कोण कोण आहे? मुलगा कुठे असतो?' हे प्रश्न खऱ्या नातवाचे आहेत. 'आजी' हा शब्द रस्ता ओलांडण्यापुरता घेतला होता. तेवढ्या भांडवलावर त्यांच्या घरात शिरता येत नाही.

त्या नुसतेच 'नाही, मी थांबले आहे' असे म्हणाल्या, तर 'बरं' म्हणून पुढे जावे. आग्रह करू नये. आणि समजा, त्या म्हणाल्या, 'आजी कोणाला म्हणतोस रे?' तर? तेव्हा हसू नये आणि लांबलचक क्षमाही मागू नये. क्षमेने ती गोष्ट अधिकच मोठी होते. 'पलीकडे जायचं आहे का तुम्हांला?' असा तोच प्रश्न हाक गाळून पुन्हा विचारावा. येथे 'तुम्ही' या सर्वनामाचा खरा उपयोग दिसतो. नात्याचा शब्द काढून घेतला, तरी आदर जागच्या जागी राहतो. कोणी स्वतःच 'मला ताई म्हण' असे सुचवले, तर तोच शब्द घ्यावा, मग तो तुमच्या हिशेबात बसो वा न बसो.

सगळ्याच नाराज उत्तरांचे कारण वय हे नसते. कधी कधी नात्याचा शब्द फसवणुकीच्या कामी जुंपलेला असतो. 'काका, जरा सरका' असे म्हणत कोपराने ढकलून रांगेत पुढे घुसणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. त्याने 'काका' हा शब्द कोपराला गुंडाळलेल्या फडक्यासारखा वापरला. 'ताई, घ्या ना ताई, तुमच्यासाठी म्हणून कमी करतो ताई' असे म्हणणारा विक्रेता एका वाक्यात तीनदा नाते जोडतो, तेव्हा ऐकणारी बाई पिशवी सावरून पुढे सरकते. खऱ्या ताईला एवढ्या वेळा 'ताई' म्हणावे लागत नाही. हाक एकदा आरंभी आणि फार तर एकदा निरोप घेताना पुरे असते. मध्ये ती वारंवार आली, की काही मागणे येत आहे असा संशय येतो. नाते जोडून आपण काही देत असू, जागा, आधार, पडलेला रुमाल, तर हाक गोड लागते. नाते जोडून काही काढून घेत असू, तर तीच कडू होते. वाट विचारणे किंवा वेळ विचारणे यांसारखी लहान मागणी मात्र त्यात खपून जाते.

काही हाका दिसायला नात्याच्या, पण आतून चेष्टेच्या असतात. 'आजीबाई' या शब्दात 'बाई' जोडल्याने आदर वाढायला हवा. परंतु गोष्टीतील म्हातारीला आपण 'आजीबाई' म्हणतो, त्यामुळे समोरच्या जिवंत स्त्रीला तो शब्द लावला, की तिला गोष्टीत ढकलल्यासारखे होते. 'मामा' हा शब्द खेड्यात एखाद्या वयस्क शेतकऱ्याला म्हटला, तर त्यात आपुलकी असते. पण 'मामा बनवणे' म्हणजे फसवणे, हाही अर्थ मराठीत रूढ आहे; म्हणून शहरातील चौकात पोलिसाला मित्रांच्या घोळक्यातून 'मामा' म्हटले, तर ती हाक कोणत्या मामाची, हे तो बरोबर ओळखतो. एकटे असताना जी हाक आपण मारली नसती, ती घोळक्यातही मारू नये.

जेथे माणूस आपल्या कामाच्या जागी बसलेला असतो, तेथे नात्याचे शब्द जपून वापरावेत. दवाखान्यातील डॉक्टर वयाने तुमच्या आजोबांएवढे असले, तरी ते 'डॉक्टर'च. बँकेतील खिडकीमागच्या बाईंना 'मावशी' म्हटले, तर त्यांनी कष्टाने मिळवलेले पद आपण पुसले, असे त्यांना वाटू शकते. त्याच बाई सायंकाळी बागेत बाकावर बसलेल्या भेटल्या, तर तीच 'मावशी' त्यांना आवडेलही.

शेवटी प्रदेशाविषयी थोडेसे. विदर्भात गेलात, तर 'भाऊ' ही हाक तरुणापासून प्रौढापर्यंत कोणालाही चालते. दक्षिणेकडे, कर्नाटकाच्या सीमेलगत, 'अण्णा' आणि 'अक्का' ऐकू येतील. हे कानडीतील थोरल्या भावाचे व थोरल्या बहिणीचे शब्द, मराठीत कायमचे नांदायला आलेले. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यात एखादे आजोबाच तुम्हांला 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' म्हणून आधी हाक मारतील, आणि तुम्हांला नाते निवडण्याचे कष्टच उरणार नाहीत. मोठ्या शहरांत 'अंकल' आणि 'आंटी' यांनी बरीच जागा घेतली आहे. त्यांत काका कोणता आणि मामा कोणता, हे कळायला मार्ग नाही. नव्या गावी गेल्यावर पहिल्या दिवशी थोडा वेळ दुकानाशी उभे राहून ऐकावे. तेथील मुले तेथील म्हाताऱ्या माणसांना काय म्हणतात, तोच शब्द त्या गावापुरता आपलाही.